काउंटरवरून कर्जविभागाकडे: बायोडेटातल्या सहा ओळी

बँकेतल्या माझ्या नोकरीची शेवटची काही वर्षं कर्जविभागात गेली. शाखांमधले अधिकारी या विभागात येण्यासाठी अर्ज करायचे आणि त्यांच्या मुलाखती घेणाऱ्यांत मी असायचो. प्रत्येक अर्जाच्या माथ्यावर पाच-सहा ओळींचा सारांश असे: मी कोण, आजवर काय केलं, आता काय करायचं आहे. यातले बहुतेक सारांश एकाच साच्यातले असत. ‘नऊ वर्षांचा बँकिंग अनुभव. रोकड, क्लिअरिंग, खाती उघडणे, केवायसी, लॉकर या कामांत निपुण. मेहनती, सर्वांना बरोबर घेऊन काम करण्याची हातोटी. कर्जविभागात आव्हानात्मक संधीच्या शोधात.’

यात खोटं काही नसतं. पण हे वाचून अर्जदार कर्जाची फाइल कशी वाचेल, याचा अंदाज येत नाही. ही कामं म्हणजे त्याच्या टेबलाची यादी झाली. त्या टेबलावर बसून त्याला काय दिसलं आणि दिसल्यावर त्याने काय केलं, हे कर्जविभागाला हवं असतं.

एका अधिकारी बाईंचा पहिला सारांश अगदी असाच होता. मुलाखतीआधी त्या शंका विचारायला आल्या. मी म्हटलं, “हे बाजूला ठेवा. शाखेत बसून एखाद्या कर्जखात्यात तुम्हाला काही खटकलं होतं का?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “सर, एक खातं होतं. पण ते माझं काम नव्हतं.” ते खातं इथे सांगतो. ग्राहकाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि आकडे सोपे केले आहेत.

तालुक्याच्या गावातला पाइप आणि ठिबकच्या सुट्या भागांचा व्यापारी. त्याचं कॅश क्रेडिट खातं, लिमिट 40 लाख रुपये. कॅश क्रेडिट म्हणजे धंद्यात माल आणि उधारी सांभाळण्यासाठी दिलेलं फिरतं कर्ज. विक्रीचे पैसे खात्यात जमा व्हायचे आणि गरजेप्रमाणे पुन्हा उचलायचे. छोट्या उद्योग-व्यापारासाठी ते ठरवताना नायक समितीचा ठोकताळा वापरतात. वर्षाची अपेक्षित विक्री धरायची आणि तिच्या 20 टक्के बँकेने द्यायचे. या व्यापाऱ्याची विक्री 2 कोटी धरली होती, म्हणून 40 लाख. आता त्याने पुढच्या वर्षी 3 कोटींची विक्री होईल असं दाखवून लिमिट 60 लाखांवर न्यायला सांगितलं होतं. खात्यात महिन्याला सरासरी 18 लाख जमा होत होते. वरवर पाहता सगळं जुळत होतं.

बाई तेव्हा क्लिअरिंग आणि ट्रान्स्फर बघत होत्या. तीच दोन नावं पुन्हा पुन्हा येतात, हे त्यांच्या लक्षात आलं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दोन फर्मकडून तीन-चार लाखांच्या रकमा जमा व्हायच्या आणि दोन-तीन दिवसांत जवळपास तेवढीच रक्कम त्याच फर्मना परत जायची. त्या दोन्ही फर्मची खाती याच शाखेत होती आणि केवायसीच्या कागदांवर मालक व्यापाऱ्याचे भाऊ आणि मेहुणे होते. कर्जविभागाकडे ताळेबंद जातो. पैसा त्याच वाटेने आत-बाहेर करतो, हे ट्रान्स्फर बघणाऱ्या माणसालाच दिसतं.

त्यांनी बारा महिन्यांचा खातेउतारा काढला. दरमहा जमा होणाऱ्या 18 लाखांतले सुमारे 7 लाख या फिरत्या रकमांचे होते. आणखी 1 लाखाचे चेक जमा होऊन न वटता परत गेले होते. परत गेलेला चेकही उताऱ्यात आधी जमेच्या बाजूला दिसतो, म्हणून नुसती बेरीज फसवते. हे दोन्ही वजा केल्यावर महिन्याला 10 लाख उरले, म्हणजे वर्षाला 1 कोटी 20 लाख. जमा रकमेत जीएसटीही असतो, त्यामुळे खरी विक्री याहूनही कमी असू शकते. 1 कोटी 20 लाखांच्या 20 टक्के म्हणजे 24 लाख. व्यापाऱ्याकडे 40 लाखांचं लिमिट आधीच होतं आणि मागणी 60 लाखांची होती.

इथे घाई केली की चूक होते. खात्यात पैसे कमी येण्यामागे सरळ कारणंही असतात. विक्रीचे पैसे दुसऱ्या बँकेत जमा होत असतील, उधारी अडकली असेल, रोखीचं प्रमाण जास्त असेल. भावाच्या दुकानाला खरोखर मालही विकलेला असू शकतो. म्हणून बाईंनी व्यवस्थापकांना लेखी टिपण दिलं. त्यात ‘फसवणूक’ हा शब्द नव्हता. दिसलेल्या रकमा, तारखा आणि ‘खुलासा घ्यावा’ एवढंच होतं. व्यवस्थापकांनी जीएसटीची विवरणपत्रं मागवली. GSTR-3B मध्ये वर्षाची विक्री 1 कोटी 85 लाख दिसत होती, म्हणजे व्यापाऱ्याचं म्हणणं बरंचसं खरं वाटावं. पण 3B मध्ये फक्त बेरीज असते. कोणत्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला किती बिलं फाडली, हे GSTR-1 मध्ये कळतं. ते उघडल्यावर त्याच दोन फर्मना 65 लाखांची बिलं निघाली. ती वगळता विक्री 1 कोटी 20 लाखच उरली. खात्यातून निघालेला आकडा आणि करातून निघालेला आकडा एकमेकांजवळ आले, तेव्हा शंकेला आधार मिळाला.

मग व्यवस्थापक गोदाम पाहायला गेले आणि बाईंना सोबत घेऊन गेले. स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल 48 लाखांचा होता. पुढच्या रॅकवरचे पाइप रोज हलत होते, तिथे जमिनीवर ओढल्याचे ताजे ओरखडे होते. मागच्या भिंतीला लावलेल्या खोक्यांवर मात्र धुळीचा थर होता आणि आतले भाग जुन्या मापाचे होते, जे आता कोणी विचारत नव्हतं. त्यांची किंमत 14 लाख. मागच्या चारही स्टेटमेंटमध्ये हा आकडा एका रुपयानेही बदललेला नव्हता. चालत्या दुकानातला माल असा स्थिर राहत नाही.

आता उचल किती देता येते, याचा हिशेब पाहू. बँकेत याला ड्रॉइंग पॉवर म्हणतात. स्टेटमेंटप्रमाणे माल 48 लाख, त्यातून माल देणाऱ्यांची देणी 12 लाख वजा, राहिले 36. त्यातला पाव हिस्सा व्यापाऱ्याचा, उरले 27. ग्राहकांकडची येणी 20 लाख, त्यातलाही पाव हिस्सा काढून 15. एकूण 42 लाख, म्हणजे 40 लाखांचं लिमिट पूर्ण वापरता येतं. आता न विकला जाणारा 14 लाखांचा माल काढा. येणीतून नातेवाइकांच्या फर्मची आणि 90 दिवसांहून जुनी अशी 8 लाखांची येणी काढा. मालावर 16 लाख 50 हजार आणि येणीवर 9 लाख, मिळून 25 लाख 50 हजार. खात्यात उचल होती 39 लाख. कागदावर सुरळीत दिसणारं खातं खरं तर साडेतेरा लाखांनी वर होतं. उचल सलग 90 दिवस मर्यादेच्या वर राहिली की खातं अनुत्पादक ठरतं, त्यामुळे हा फरक वेळेत कळणं व्यापाऱ्यासाठीही गरजेचं होतं.

लिमिट वाढवलं नाही. माल आणि येणीची बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासणी झाली, दरमहा येणीची वयवार यादी मागायला सुरुवात झाली आणि लिमिट टप्प्याटप्प्याने खाली आणायचं ठरलं. जुना माल पडत्या भावात काढल्यावर व्यापाऱ्याची उचल कमी होऊ लागली. दुकान चालू राहिलं.

“हे लिहा,” मी म्हटलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी लिहून आणलं, ‘बँकेचं 20 लाखांचं नुकसान वाचवलं.’ हे मात्र खोडायला सांगितलं. 60 लाख दिले असते तर किती बुडाले असते, हे कोणालाच माहीत नाही. जे घडलंच नाही, त्याची रक्कम सांगणारा माणूस उद्या प्रकल्प अहवालातल्या आकड्यांवरही असाच विश्वास ठेवेल. ग्राहकाचं नावही काढायला लावलं. ग्राहकाची माहिती गुप्त ठेवणं हे बँकेचं बंधन आहे आणि अर्जात नाव लिहिणाऱ्याने ते मोडलेलं असतं.

आणखी एक सुचवलं. नुसतं ‘नाही’ म्हणण्याचं उदाहरण दिलं तर भित्रेपणाही जोखमीची जाण म्हणून खपतो. “जिथे कागद वाईट दिसत होता आणि तरी तुम्ही बाजू मांडली, असं एखादं खातं?” ते निघालं. द्राक्षाच्या पॅकिंगची खोकी बनवणारा एक उद्योजक. पावसाळ्यात त्याच्या खात्यात जमा जवळपास थांबायची, म्हणून त्याच्यावर शेरा पडला होता. बाईंनी तीन वर्षांचे उतारे शेजारी शेजारी ठेवले. दर वर्षी द्राक्षाच्या हंगामात जमा भरभरून यायची, पावसाळ्यात आटायची आणि तेव्हाही व्याजापुरते पैसे तो नेमाने भरायचा. हा धंद्याचा हंगाम होता, आजार नव्हता.

शेवटी सारांश असा झाला:

‘नऊ वर्षे शाखेत: रोकड, क्लिअरिंग, ट्रान्स्फर, केवायसी. कॅश क्रेडिट खात्यांतल्या व्यवहारांची जीएसटी विवरणपत्रे आणि स्टॉक स्टेटमेंटशी पडताळणी केली. एका व्यापारी खात्यात जमेपैकी सुमारे 40 टक्के रक्कम नात्यातल्या फर्ममधून फिरत असल्याचे लेखी कळवले. त्यावर फेरतपासणी होऊन लिमिटवाढ थांबली. दुसऱ्या खात्यात जमेतील घट हंगामी असल्याचे तीन वर्षांच्या उताऱ्यांवरून दाखवले. दोन्ही निर्णय वरिष्ठांचे. कर्जमंजुरीचा अधिकार वापरलेला नाही. मुदत कर्जाचे मूल्यमापन आणि प्रकल्प अहवाल वाचणे शिकायचे आहे.’

शेवटची ओळ ठेवायला त्या तयार नव्हत्या. “सर, ही कमी स्वतःहून कशाला दाखवू?” मी म्हटलं, कर्जाच्या टिपणात अर्जदाराच्या जमेच्या बाजू लिहितो तशा कच्च्या बाजूही लिहाव्या लागतात. तुमचं स्वतःचं टिपण एकतर्फी असेल, तर दुसऱ्याचं सरळ लिहाल हे कोण मानेल?

त्यांच्या मुलाखतीला मी मुद्दाम बसलो नाही. पहिला प्रश्न काय आला, ते त्यांनीच नंतर सांगितलं: “भाऊ-मेहुण्याचा व्यवहार खरा निघाला असता तर?” त्यांनी उत्तर दिलं, “तर बिल, वाहतुकीची पावती आणि पलीकडच्या गोदामात माल, तिन्ही सापडलं असतं. ते पाहून मीच तसं लिहून दिलं असतं.”

त्यांची निवड झाली. नव्या टेबलावरच्या पहिल्या फाइलमध्ये तीन वर्षांचे ताळेबंद नीट लावलेले होते. त्यांनी फाइल बंद केली, शाखेला फोन लावला आणि बारा महिन्यांचा खातेउतारा मागवला.