प्लास्टरमागे काय आहे, ते आधी विचारा

सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. एका गोणीमागे नेमके किती वाचतात, यावर तेव्हापासून पुरेशी चर्चा झाली आहे. आर्णीसारख्या तालुक्याच्या गावात, जिथे मातीची नाहीतर कवेलूची घरं मोडून स्लॅबची घरं उभी राहताहेत, तिथे ती चर्चा जरा जास्तच रंगते. पण घर झाल्यावर पहिल्या महिन्यात जे काम हमखास निघतं, त्याबद्दल कुणी बोलत नाही. ते काम म्हणजे भिंतीला लाकडी पट्टी ठोकून तिच्यावर पुस्तकांचं कपाट, देवघराचा पॅनेल किंवा भांड्यांची मांडणी टांगणं.

यासाठी हल्ली वापरला जातो तो ठोकायचा प्लग. हार्डवेअरच्या दुकानात ‘नेल प्लग’ किंवा ‘हॅमर फिक्स’ म्हणून मागितला तर मिळतो. प्लास्टिकची नळी आणि तिच्यात आधीच अडकवलेला आटे पाडलेला खिळा, असं त्याचं रूप. पट्टी आणि भिंत यांना आरपार एकच भोक पाडायचं, प्लग सरकवायचा आणि हातोडीने ठोकायचा. पेचकस फिरवत बसायची गरज नाही, म्हणून तो लोकप्रिय आहे. आणि नेमक्या याच सोपेपणामुळे तो चुकीच्या भिंतीत सर्वाधिक ठोकला जातो, असं माझं मत आहे.

हा प्लग ज्या भिंतीत उत्तम बसतो, ती भिंत आर्णीच्या बहुतेक घरांत नसतेच. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच नव्या इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यात अख्खी भिंतच काँक्रीटची ओतलेली असते, वर नुसती पुट्टी. तिथे नोकरीला असलेला मुलगा व्हिडिओ बघून तासाभरात कपाट टांगतो आणि गावी वडिलांना सांगतो, ‘काही नाही बाबा, ठोकून द्या.’ वडिलांच्या घरी मात्र काँक्रीट फक्त कॉलममध्ये, बीममध्ये, स्लॅबमध्ये आणि दारा-खिडक्यांवरच्या लिंटेलमध्ये असतं. बाकी सगळी वीट, आणि तिच्यावर अर्धा ते पाऊण इंच प्लास्टर. बाहेरून दोन्ही भिंतींचा रंग सारखाच दिसतो.

फरक किती पडतो? भारतीय मानकांनुसार आरसीसीचं काँक्रीट किमान एम-२० प्रतीचं हवं, म्हणजे दाबाखाली दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकद. विटांच्या मानकातली सगळ्यात खालची प्रत ३.५ न्यूटनची आहे. म्हणजे जवळपास सहापट अंतर. प्लग भिंतीला धरतो तो घर्षणाने: खिळा आत शिरताना नळी फुगते आणि भोकाच्या कडांना दाबते. त्या दाबाला कडांनी तेवढाच उलट दाब दिला पाहिजे. काँक्रीट देतं. कच्च्या विटेचा आतून भुगा होतो, आणि दोन विटांमधल्या सांध्यात प्लग पडला तर तेवढाही दाब मिळत नाही.

ही घर्षणाची युक्ती जुनी आहे. इंग्रज ठेकेदार जॉन जोसेफ रॉलिंग्ज याला १९११ च्या सुमारास ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींवर विजेचं सामान बसवायचं होतं, पण भिंतींची नासधूस चालणार नव्हती. त्याने तागाचे धागे जनावराच्या रक्ताने चिकटवून छोट्या नळ्या केल्या. आपण आजही ‘रावल प्लग’ म्हणतो तो त्याचाच. पुढे १९५८ मध्ये जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागातल्या आर्टुर फिशरने नायलॉनचा प्लग आणला. अकराशेहून अधिक पेटंटं नावावर असलेला हा माणूस मूळचा कुलूपकारागीर. नायलॉन का, तर ते दाबलं तरी फुटत नाही आणि वर्षानुवर्षं दाब बऱ्यापैकी टिकवून धरतं. पॉलिथिन, पॉलिप्रोपिलिनसारखं स्वस्त प्लास्टिक सततच्या ओझ्याखाली हळूहळू ढिलं पडतं.

दुकानात सगळ्याच प्लगांना नायलॉन म्हणतात. याची परीक्षा घरी होते. खिळा काढून नुसती नळी पाण्याच्या ग्लासात टाका आणि बोटाने दाबून आतली हवा जाऊ द्या. नायलॉन पाण्यापेक्षा जड असल्याने बुडतं. नळी तरंगली तर ती नायलॉनची नाही. तो प्लग कॅलेंडरला ठेवा, कपाटाला नको.

आता प्रत्यक्ष काम. समजा, बैठकीत तीन फूट रुंद, अडीच फूट उंच आणि दहा इंच खोल असं दोन कप्प्यांचं पुस्तकांचं कपाट टांगायचं आहे. प्लायचं कपाट साधारण १५ किलो, दोन कप्पे भरून पुस्तकं ५० किलो, एकूण ६५. हे कपाट टांगायचं ते दोन पट्ट्यांवर. एक पट्टी ४५ अंशांत कड कापून भिंतीला, उतार भिंतीकडे. दुसरी तशीच कापून उलटी कपाटाच्या पाठीला. कपाट उचलून वरून अडकवलं की दोन्ही उतार एकमेकांत बसतात. पाठीची पट्टी पातळ प्लायला नव्हे, कपाटाच्या बाजूंना आणि वरच्या फळीला स्क्रूने पकडलेली हवी.

लोक वजन मोजतात आणि थांबतात. खरा प्रश्न ओढीचा असतो. पुस्तकांचं वजन भिंतीपासून सरासरी पाच इंचांवर लटकतं, त्यामुळे कपाटाचा वरचा भाग भिंतीपासून सुटू पाहतो आणि खालची कड भिंतीवर दाबली जाते. वरच्या पट्टीपासून खालच्या टेकूपर्यंत २८ इंच अंतर असेल, तर ६५ गुणिले ५ भागिले २८, म्हणजे जेमतेम १२ किलोंची ओढ. आता उलट उदाहरण घ्या. दोन इंची पट्टीला नुसती दहा इंच खोल फळी पक्की केली आणि तिच्यावर फक्त २५ किलो पुस्तकं ठेवली. प्लग पट्टीच्या मधोमध, म्हणजे खालच्या कडेपासून एक इंचावर. २५ गुणिले ५ भागिले १: सव्वाशे किलोंची ओढ! वजन निम्म्याहून कमी, ओढ दहापट. फोटोत सुंदर दिसणारी, खाली ब्रॅकेट नसलेली फळी सहा महिन्यांत का मान टाकते, त्याचं उत्तर या भागाकारात आहे. पॅकेटवर ‘इतके किलो’ एवढाच आकडा छापणाऱ्यांनी कधीतरी फळीची खोलीही छापावी.

आपलं कपाट कुठे टांगायचं? लिंटेलवर. साधारण सात फुटांवर दाराच्या वर असलेला हा काँक्रीटचा पट्टा बऱ्याच स्लॅबच्या घरांत सगळ्या भिंतींतून सलग फिरवलेला असतो. काही घरांत मात्र तो फक्त दारा-खिडक्यांवर तुटक टाकतात. सलग असेल तर कपाटाची वरची कड सात फुटांच्या थोडी वर, खालची साडेचार फुटांच्या थोडी वर, म्हणजे हाताला येईल अशीच बसते. पट्ट्याची जाडी बहुधा सहा इंच. त्याच्या मध्यरेषेवर प्लग घेतले तर वरखालच्या आडव्या सळया आपोआप टळतात. उभी रिंग मध्ये आलीच तर ड्रिल एकदम अडतं आणि धूळ चमकते. तिथे जोर लावू नये, भोक इंचभर सरकवावं.

खरंच काँक्रीट लागलं का, हे पट्टीमागे झाकलं जाईल अशा ठिकाणी ५ मिमीचं भोक पाडून पाहावं. लाल धूळ आली की वीट, हे सोपं. पण विदर्भात औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेच्या विटा सर्रास वापरतात, आणि त्यांची धूळ काँक्रीटसारखीच करडी असते. म्हणून रंगावर नाही, हातावर विश्वास ठेवायचा. हॅमर बंद करून नुसत्या फिरत्या बिटने पाहा: विटेत बिट शिरत राहतं, काँक्रीटवर नुसतं घासत बसतं.

प्लगची लांबी ठरवताना प्लास्टर मोजायला विसरतात. सहा सुती, म्हणजे १९ मिमीची सागवानी पट्टी आणि १५ मिमी प्लास्टर मिळून ३४ मिमी झाले. प्लास्टर धरत नाही, त्यामुळे ते पट्टीच्याच खात्यात जातं. ८ बाय ६० चा प्लग घेतला तर काँक्रीटमध्ये उरतात २६ मिमी, हे अपुरे. ८ मिमीच्या प्लगला निदान ४० हवेत. म्हणून ८ बाय ८०, ज्यात ४६ मिमी आत जातात. पुण्याच्या मुलाच्या भिंतीला प्लास्टरच नसल्याने त्याचं ६० मध्ये भागलं होतं.

एका प्लगवर साधारण २० किलोच धरावेत. ६५ किलोंना चार पुरले असते. तीन फुटी पट्टीला दोन्ही टोकांपासून दोन इंच सोडून सहा घ्यावेत. आधी पट्टीत लाकडाच्या बिटने ८ मिमीची भोकं पाडावीत, कारण भिंतीचं बिट लाकूड फाडतं. मग एका टोकाचा प्लग अर्धवट बसवून, लेव्हल लावून, दुसरं टोक पक्कं करावं. भोक पट्टीच्या पृष्ठभागापासून ९० मिमी, प्लगपेक्षा सेंटिमीटरभर जास्त. नाहीतर खिळा तळाला टेकून वाकतो. भोकातली धूळ फुंकून काढणं हा नुसता उपचार नाही, ती राहिली तर प्लग पूर्ण बसत नाही.

ठोकताना कान उघडे हवेत. शेवटच्या काही घावांना खिळा जड जात गेला पाहिजे आणि आवाज टणक व्हायला हवा. दोन टपल्यांत खिळा आत गेला, तर मागे पोकळी आहे किंवा भोक मोठं झालंय. तो प्लग मोजू नये, दोन इंचांवर दुसरा घ्यावा. खाली त्याच जाडीची दुसरी पट्टी लावावी, म्हणजे कपाट ओळंब्यात राहतं. ती फक्त भिंतीवर दाबली जाते, म्हणून तिच्यामागे वीट असली तरी चालतं. आठवड्याने वरच्या पट्टीच्या वरच्या कडेला कागद सरकवून पाहा. आधी न जाणारा कागद आता जात असेल, तर प्लग सरकू लागलेत. पुस्तकं लगेच उतरवा.

पंखा, झुला, गिझर किंवा पुढे ओढायचा टीव्हीचा हात यांना हा प्लग नाही. तिथे लोखंडी फास्टनर. आणि लिंटेल तुटक असेल तर हट्ट सोडून कपाटाला पाय लावून जमिनीवर उभं करावं.

ज्यांचं बांधकाम आता चालू आहे, त्यांच्या हातात मात्र अजून सगळं आहे. ठेकेदाराला लिंटेल सलग फिरवायला सांगा. त्याला थोडं सिमेंट आणि सळई जास्त लागते, आणि करात वाचलेल्या पैशांचा याहून बरा उपयोग मला तरी सुचत नाही. मग प्लास्टर चढण्याआधी प्रत्येक भिंतीला टेप लावून मोबाइलवर फोटो काढा: लिंटेल किती उंचीवर, कॉलम कुठे, वायरिंगचा पाइप कुठून गेला. सुताराला कपाटाचं चित्र दाखवायच्या आधी हे फोटो दाखवा.