रिकाम्या लेनचा तपास

वनस्पतिशास्त्राच्या एमएस्सीला एक प्रॅक्टिकल हमखास असतं. पानातून डीएनए काढायचा, त्यातल्या एका जनुकाचा ठरावीक तुकडा पीसीआरने वाढवायचा आणि तो जेलवर पाहायचा. समजा, पान आंब्याचं आहे आणि तुकडा आरबीसीएल या जनुकाचा, सुमारे ६०० बेस-जोड्यांचा. पेशीतल्या हरितलवकाला स्वतःचा डीएनए असतो, आणि हे जनुक तिथलंच. एकेका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असल्यामुळे बँड मिळायला फारशी अडचण येऊ नये. तरीही अतिनील दिव्याखाली जेल धरलं, की आंब्याच्या तिन्ही लेन कोऱ्या निघतात.

मग जर्नलमध्ये चर्चेचा परिच्छेद लिहिला जातो. ‘प्रायमर खराब असतील, तापमान चुकलं असेल, एन्झाइम निकामी झालं असेल, मानवी चूक झाली असेल.’ शक्यता खऱ्या असल्या तरी हा परिच्छेद कुणाच्याही जर्नलमध्ये, कुठल्याही फसलेल्या जेलखाली चिकटवता येईल, आणि व्हायवाला परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात. खरं उत्तर बहुतेक वेळा त्याच जेलवर, शेजारच्या लेनमध्ये असतं.

जेल म्हणजे अॅगरोजचा, खरवसाच्या वडीसारखा दिसणारा चौकोन. त्याच्या एका कडेला खाचा असतात. त्यांत नमुने भरून वीज सोडली, की ऋणभारित डीएनए धन टोकाकडे सरकतो. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात. पहिल्या लेनमध्ये लॅडर, म्हणजे माहीत असलेल्या लांबीच्या तुकड्यांचं मिश्रण. दुसरीत पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे जिच्यावर ही प्रक्रिया आधी नीट चालली आहे अशी वनस्पती, इथे पालक. तिसरीत निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे डीएनएऐवजी नुसतं पाणी. त्यापुढे आंबा.

वाचायला सुरुवात लॅडरपासून करायची. लॅडरच दिसत नसेल, तर पीसीआरबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही. रंगद्रव्य घालायचं राहिलं असेल, तारा उलट्या जोडून डीएनए मागच्या दिशेने बाहेर गेला असेल, नाही तर जेल फार वेळ चालून सगळं पलीकडे निघून गेलं असेल. आपल्या उदाहरणात लॅडर स्वच्छ आहे, म्हणजे जेल आणि वीज यांच्यावरचा संशय मिटला. पालकाच्या लेनमध्ये ६०० च्या जागी ठसठशीत बँड आहे. सगळ्या नळ्यांत एकाच मोठ्या मिश्रणातून तेच प्रायमर, तेच एन्झाइम आणि तेच मॅग्नेशियम गेलं, यंत्रातला कार्यक्रमही सगळ्यांना एकच होता. म्हणून तेही सुटले. वर दिलेल्या जर्नलमधल्या परिच्छेदातली जवळजवळ प्रत्येक शक्यता या एका बँडने बाद केली. उरला फक्त आंब्याचा डीएनए.

आता खरी गंमत सुरू होते. बँड आला नाही, म्हणजे डीएनए कमी पडला असा समज करून पुढच्या खेपेला विद्यार्थी एक मायक्रोलिटरऐवजी पाच घालतात आणि आवर्तनं तीसवरून चाळीस करतात. कधी काहीच बदलत नाही. कधी कोऱ्या लेनऐवजी खाचेपासून खालपर्यंत ओघळलेला धूसर पट्टा येतो. त्याला स्मिअर म्हणतात.

आंब्याच्या पानात पॉलिफिनॉल आणि चिकट पॉलिसॅकराइड भरपूर असतात. डीएनए काढताना ती सोबत येतात. नळीच्या तळाशी बसलेला डीएनए पांढरा नसून तपकिरी आणि लिबलिबीत असेल, तर ही पाहुणेमंडळी आलीच असं समजावं. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६० आणि २३० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर शुद्ध डीएनएला दोनच्या आसपास असतं. ते एकच्याही खाली गेलं, तर संशय बळावतो. हे पदार्थ टॅक एन्झाइमच्या कामात अडथळा आणतात. म्हणजे डीएनए भरपूर असूनही त्याची प्रत निघत नाही, आणि जास्त डीएनए घातला की अडथळाही तेवढाच वाढतो.

यावरचा उपाय ऐकायला उलटा वाटतो. डीएनए दहापट पातळ करायचा. पीसीआरच्या प्रत्येक आवर्तनात प्रती साधारण दुप्पट होतात, त्यामुळे सुरुवातीचा डीएनए एक दशांश झाला तरी तोटा फक्त तीन-साडेतीन आवर्तनांचा. अडथळा आणणारा पदार्थ मात्र आवर्तनांनी वाढत नाही, तो दहापट कमी झाला की कमीच राहतो. म्हणून जिथे मूळ नमुना कोरा येतो, तिथे एकास दहा किंवा एकास शंभर पातळ केलेला नमुना बँड देऊ शकतो.

तरी एवढ्यावर निकाल देऊ नये. एक सोपी कसोटी आहे. पालकाच्या दोन नळ्या घ्यायच्या. एकीत आंब्याचा एक मायक्रोलिटर डीएनए घालायचा, दुसरीत तेवढंच पाणी. पाण्याच्या नळीत बँड आला आणि आंब्याच्या नळीत पालकाचाही बँड गायब झाला, तर अडथळा सिद्ध झाला. दोन्हींत बँड आला, तर हा तर्क सोडून द्यावा आणि आंब्याचा डीएनए मुळात शाबूत आहे का ते पाहावं. त्यासाठी पीसीआर न करता तोच डीएनए थेट जेलवर चालवायचा. शाबूत असेल तर वरच्या बाजूला एकच जाड बँड दिसतो, तुटलेला असेल तर खालपर्यंत पसरतो.

स्मिअरच्या बाबतीतही पहिला प्रश्न तोच: तो कोणकोणत्या लेनमध्ये आहे? लॅडरसकट सगळ्या लेन फिसकटल्या असतील, तर व्होल्टेज जास्त ठेवल्याने जेल तापलं असेल, किंवा टाकीतलं आणि जेलमधलं बफर वेगळं पडलं असेल. लॅडर नेटका आणि फक्त आंबा पसरलेला असेल, तर घातलेला डीएनएच अति झाला असेल, आवर्तनं जास्त झाली असतील, नाही तर प्रायमर चिकटण्याचं तापमान कमी पडून ते भलत्या जागी बसले असतील. २५ मायक्रोलिटरच्या नळीत वनस्पतीचा काही नॅनोग्रॅम ते पन्नासेक नॅनोग्रॅम डीएनए पुरतो, पाचशे नॅनोग्रॅम घालून काही साधत नाही. पाण्याच्या लेनमध्येही ६०० ला बँड आला, तर तो दूषितपणाचा पुरावा आहे आणि त्या जेलवरून आंब्याबद्दल काहीच म्हणता येणार नाही. १०० बेस-जोड्यांच्या खाली दिसणारा फिकट ढग मात्र वेगळा. तिथे प्रायमर एकमेकांना चिकटून वाढलेले असतात.

मग चर्चेत लिहायचं काय? साधारण असं: ‘लॅडर आणि पॉझिटिव्ह कंट्रोल अपेक्षेप्रमाणे दिसले, निगेटिव्ह कंट्रोल कोरा राहिला. त्यामुळे जेल, अभिक्रिया-मिश्रण आणि तापमानाचा कार्यक्रम ही कारणं संभवत नाहीत. आंब्याचा अर्क मिसळल्यावर पालकाचाही बँड नाहीसा झाला. अर्क एकास दहा पातळ केल्यावर ६०० बेस-जोड्यांना फिकट, तर एकास शंभर पातळ केल्यावर ठळक बँड मिळाला. यावरून अर्कात पीसीआरला अडथळा आणणारा पदार्थ होता असा निष्कर्ष निघतो.’ मिसळण्याची कसोटी केलीच नसेल, तर ‘निष्कर्ष निघतो’ऐवजी ‘शक्यता दिसते’ लिहावं आणि पुढे कोणती कसोटी करायची तेही नोंदवावं.

हा अडथळा पॉलिफिनॉलचा की पॉलिसॅकराइडचा, हे पातळ करून कळत नाही. त्यासाठी डीएनए पुन्हा काढावा लागेल, यावेळी बफरमध्ये पॉलिफिनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी घालून, आणि न घातलेला नमुना शेजारच्या लेनमध्ये चालवून.