बारा बाय तीनची पाटी

तालुक्याच्या गावात माझं फ्लेक्स आणि बोर्डाचं दुकान आहे. नवीन दुकान काढणारा माणूस माझ्याकडे येतो तो बहुधा शेवटच्या आठवड्यात. गाळ्याचं डिपॉझिट, फर्निचर, पहिला माल यात पैसे संपलेले असतात, उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झालेल्या असतात आणि मग घरात कुणाला तरी आठवतं, अरे, पाटी राहिली! लाकडी घाण्याचं तेल विकायला निघालेलं एक जोडपं असंच आलं. हातात पंधरा हजार रुपये आणि मोबाइलमध्ये एक चित्र.

चित्रात सगळं होतं. वर कुलदेवीचा फोटो, डाव्या कोपऱ्यात आजोबांचा, उजव्या कोपऱ्यात हिरवं पान आणि त्यावर तेलाचा थेंब. मागे सूर्योदय. दुकानाचं नाव इंग्रजीत मोठं, मराठीत बारीक. खाली 'सुप्रसिद्ध', '१००% शुध्द', 'होलसेल व रिटेल', अकरा तेलांची नावं, दोन मोबाइल नंबर, पत्ता. मी मोजलं तर पन्नासच्या वर शब्द भरले.

"दादा, एवढं सगळं बसवा, जागा सोडू नका. पैसे स्क्वेअर फुटाचेच द्यायचेत ना!" हे यजमानांचं म्हणणं.

जागा सोडायची नाही, ही आमच्याकडच्या गिऱ्हाइकांची जुनी खोड. पण नवीन दुकानाला ती महागात पडते. ओळखीच्या दुकानाची पाटी कुणी वाचत नाही, नुसती बघतात. अनोळखी दुकानाची मात्र वाचावी लागते, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याच्या हाती त्यासाठी दोन-तीन सेकंद असतात. तेवढ्यात 'इथे काय मिळतं' हे कळलं नाही तर तो पुढे जातो. शिवाय कालपरवा उघडलेल्या दुकानावर 'सुप्रसिद्ध' लिहिलं की वाचणारा मनात हसतो. तेल घ्यायला आलेला माणूस मुळातच भेसळीला भ्यालेला असतो, त्याला पहिलंच वाक्य खोटं सांगायचं कशाला?

त्यांच्या गाळ्यासमोरचा रस्ता तीस फुटी, दुचाकीवाला साधारण शंभर फुटांवरून पाटी बघणार. आमच्या धंद्यातला अंदाज असा की दर दहा फूट अंतराला एक इंच उंचीचं अक्षर हवं. शंभर फुटांना दहा इंच. आता गाळ्याची रुंदी बारा फूट आणि पाटीला उंची मिळते तीन फूट, म्हणजे छत्तीस इंच. इंग्रजी अक्षराचा हिशोब इथे फसतो, कारण देवनागरीत दहा इंच मोजायचे ते शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत. वेलांटी, मात्रा, अनुस्वार यांना वर अक्षराच्या तिसऱ्या हिश्शाएवढी जागा आणखी लागते आणि उकार असेल तर तेवढीच खाली. ही जागा न धरल्यामुळे वेलांटीचा माथा फ्रेमच्या पट्टीखाली गेलेल्या पाट्या तुम्हाला कुठल्याही बाजारपेठेत सापडतील. नाव 'देवी' आणि वाचावं लागतं 'दवा'च्या जवळपास काहीतरी.

म्हणून मी मजकूर तीन ओळींवर आणला. वर कुलदेवीच्या नावावरून ठेवलेलं दुकानाचं नाव, मध्यम अक्षरात. मध्ये सगळ्यात मोठं, अकरा इंचांचं: 'लाकडी घाण्याचं तेल'. खाली 'शेंगदाणा, करडई, तीळ, खोबरेल'. अकरातली बाकीची तेलं ते पहिलं वर्षभर ठेवणारच नव्हते, हे वहिनींनी हळूच सांगितलं. मधल्या ओळीत एकही उकार नाही, त्यामुळे खालची जागा वाचली. यजमानांना आपलं नाव लहान झालं याचं वाईट वाटलं. पण ते नाव अजून कुणाला माहीत नाही, तेल सगळ्यांना माहीत आहे. चार-पाच वर्षांनी लोक नावाने विचारत आले की पाटी बदलताना उलटं करू, असं ठरलं.

मराठी आधी आणि ठळक, हा नुसता आवडीचा प्रश्न नाही. २०२२च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक आहे. इतर भाषा चालते, पण मराठी आधी हवी आणि तिची अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाहीत. जीएसटी नोंदणी असेल तर तो क्रमांक प्रवेशावरच्या नामफलकावर हवा. खाद्यपदार्थ विकणाऱ्याने एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक दर्शनी जागी लावायचा असतो. हा क्रमांक लोक कोपऱ्यात दडवतात. मी तो काउंटरमागे दरपत्रकाच्या वर, वाचता येईल असा घेतला. '१००% शुद्ध'पेक्षा तो जास्त काम करतो, कारण तो तपासून बघता येतो.

शुद्धवरून आठवलं. त्यांच्या चित्रात 'शुध्द' होतं. ध अर्धा आणि द पूर्ण. छापखान्यांतल्या जुन्या टायपिंगमुळे ही चूक इतकी रुळली आहे की दुरुस्त करून दिलं तर लोक आम्हालाच चूक म्हणतात. दुसरा घोटाळा फाइलचा. एका कॉम्प्युटरवर बनवलेली फाइल दुसऱ्यावर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. त्यावर उपाय म्हणजे अक्षरांचं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचं चित्रात रूपांतर करूनच फाइल पाठवायची आणि छापण्याआधी घरातल्या शाळकरी पोराकडून ती मोठ्याने वाचून घ्यायची. मोठी माणसं अंदाजाने वाचतात, पोरं लिहिलंय तेच वाचतात.

फॉन्टवर एक रुपया गेला नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट मोफत आहेत आणि धंद्यासाठीही वापरता येतात. आम्ही 'मुक्त'चा जाड प्रकार घेतला. एकच गोष्ट हाताने केली. बऱ्याच फॉन्टांत 'ल' आपोआप हिंदी वळणाचा उमटतो. मधल्या ओळीच्या सुरुवातीला 'ला' आणि शेवटी 'ल', तेव्हा तो पाकळीचा, मराठी वळणाचाच हवा होता. कुणी येऊन 'ल छान आहे' म्हणणार नाही, पण पाटी परगावातून आल्यासारखी वाटत नाही.

लोगोची परीक्षा मी रबरी शिक्क्यावर घेतो. एक इंचाचा शिक्का, एकच शाई, खरबरीत कागद. पान आणि थेंबाचं ते चित्र या परीक्षेत नापास झालं, छटा गेल्यावर नुसता डाग उरला. तशीही पान-थेंबाची तयार चित्रं इतक्या दुकानांनी उचलली आहेत की ती आपली म्हणताच येत नाहीत. त्याऐवजी घाणाच काढला: लाकडी उखळीचा साधा आकार, त्यात तिरका जाड दांडा. दोन आकार, एक रंग. तोच पाटीवर, बाटलीच्या लेबलवर, बिलबुकावर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गोलात.

रंगांवर मात्र वाद झाला. यजमानांना लाल पाटीवर पिवळी अक्षरं हवी होती, लांबून दिसतात म्हणून. दिसतात, खरं आहे. पण गाळा पश्चिमेला तोंड करून होता. दुपारी दोनपासून सूर्य थेट पाटीवर. छापील शाईत पिवळा आणि लालसर रंग आधी उडतात, निळा आणि काळा टिकतात. जुने फ्लेक्स निळसर, आजारी दिसतात ते यामुळे. वर्षभरात गुलाबी पडलेल्या लाल पाटीखाली बसून ताजं तेल विकणं अवघड.

आम्ही फिकट बदामी जमिनीवर गडद तपकिरी अक्षरं घेतली आणि मोहरीचा पिवळा फक्त खालच्या पट्टीपुरता. पिवळ्यात अक्षरं का नकोत, हे दाखवायला मोबाइलवर नमुन्याचा फोटो काढून तो काळा-पांढरा केला. तपकिरी तसंच ठळक राहिलं, पिवळं जमिनीत विरघळलं. कुठल्याही रंगजोडीची ही फुकटातली चाचणी आहे. आणखी एक, स्क्रीनवरचा तपकिरी छापून येताना लालसर तरी येतो नाहीतर हिरवट तरी. म्हणून अक्षरं छापलीच नाहीत. रंगीत व्हिनाइलच्या शीटमधून कापून एसीपीच्या पत्र्यावर चिकटवली. व्हिनाइलचा रंग शीटमध्येच असतो, तो छापील शाईपेक्षा जास्त टिकतो. पत्रा मॅट घेतला, चकचकीत पत्र्यावर दुपारी ऊनच वाचावं लागलं असतं.

हिशोब असा झाला. छत्तीस चौरस फूट पाटी, आमच्याकडच्या एकशे ऐंशीच्या दराने ६,४८० रुपये. वरून उजेड टाकणारे दोन एलईडी १,२००. शटरवर पेंटरकडून ऑइल पेंटने तीच ओळ आणि वेळा, २,०००. शिक्का ३५०, हजार लेबलं १,५००, बिलबुकं १,२००. माझी मजुरी २,०००. एकूण १४,७३०. तुमच्या गावात दर वेगळे असतील, पण शटरचा खर्च वगळू नका. दुकान बंद असताना, म्हणजे रात्री आणि सुट्टीच्या दिवशी, पाटीखाली तेच दिसतं. पेंटरला रंग तोंडी सांगितला तर तो चॉकलेटी लावून मोकळा होतो, म्हणून त्याला व्हिनाइलचा तुकडा हातात दिला.

एक चूक माझ्याकडूनही झाली. पहिल्या शंभर लेबलांवर पिवळ्या पट्टीत पॅकिंगची तारीख बारीक अक्षरात गेली होती, वाचता येत नव्हती. एका आजींनी काउंटरवर चष्मा पुसून पुसून बाटली परत ठेवली, तेव्हा कळलं. पाटी कितीही चांगली असली तरी तारीख दिसली नाही की माणूस बाटली खाली ठेवतो. पुढची लेबलं पांढऱ्यावर काळ्यात छापली, आधीची माझ्या खर्चाने फेकली.

काम संपल्यावर पाटीची मूळ फाइल, पीडीएफ आणि फॉन्टचं नाव मागून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाकडे गेलात तर तो फोटो बघून नक्कल करतो आणि अक्षरं बदलतात. फ्लेक्स छापून माझं पोट भरतं, तरी सांगतो, दुकानाच्या नावासाठी फ्लेक्स घेऊ नका. दिवाळीच्या ऑफरसाठी घ्या आणि दिवाळी संपली की उतरवा.