१३ ग्रॅम की १३ टक्के?

आज सोडियमची ओळ घेणार होतो. ती पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण मिरजेच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे आणि मागच्या भागात आपण पाहिलेल्या, पाकिटावरच्या पोषण तक्त्यातल्या प्रमाण आणि टक्के या दोन रकान्यांचा खरा कस तिथेच लागतो.

मुलाच्या दुधात घालायच्या माल्ट पावडरची बरणी. गोल बरणी, चकचकीत वेष्टन, त्यामुळे फोटोत अक्षरं उमटेनात. मग सासूबाई भिंग घेऊन एकेक आकडा वाचत गेल्या आणि ताई मोबाइलवर टाइप करत गेल्या. मेसेज असा आला: “१०० ग्रॅमला आणि सर्व्हिंगला. ऊर्जा ३८४ ४. प्रोटीन ७. कार्बोहायड्रेट ८४.६. टोटल शुगर ३८.५. ॲडेड शुगर ३३ १३. फॅट २ १. सर्व्हिंग २० ग्रॅम.” आणि खाली प्रश्न: “एका वेळच्या २० ग्रॅम पावडरीत १३ ग्रॅम साखरच आहे, तर ही बंद करू का?”

१३ ग्रॅम हा आकडा पटण्यासारखा आहे, म्हणूनच तो फसवतो. २० ग्रॅममध्ये १३ ग्रॅम म्हणजे पासष्ट टक्के साखर, आणि इतकी साखर असलेली पावडर बाजारात मिळणं अशक्य नाही. आकडा १३० आला असता तर कुणीही थांबून पुन्हा वाचलं असतं. १३ वर कुणी थांबत नाही.

पण बरणी डोळ्यांसमोर नसतानाही उत्तर मेसेजमध्येच आहे. ऊर्जेची ओळ बघा: ३८४ आणि ४. दुसरा रकाना जर सर्व्हिंगमागचं प्रमाण असेल, तर १०० ग्रॅमला ३८४ किलोकॅलरी देणारी पावडर २० ग्रॅमला फक्त ४ कशी देईल? पाचवा हिस्सा म्हणजे सत्त्याहत्तरच्या आसपास यायला हवा. म्हणजे दुसरा रकाना प्रमाणाचा नाही, टक्क्यांचा आहे. दिवसाच्या २००० किलोकॅलरींपैकी ७७ म्हणजे जेमतेम चार टक्के. बरोबर जुळलं.

प्रोटीनसमोर दुसरा आकडाच नाही, ही दुसरी खूण. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनी टक्केवारी काढण्यासाठी मोजक्याच गोष्टींचे दिवसाचे आकडे ठरवून दिले आहेत: ऊर्जा, फॅट, सॅच्युरेटेड फॅट, ट्रान्स फॅट, ॲडेड शुगर आणि सोडियम. त्यामुळे प्रोटीन, कार्बोहायड्रेट आणि टोटल शुगर यांच्यापुढचं टक्क्यांचं घर बऱ्याच पाकिटांवर रिकामं असतं. ग्रॅमचा रकाना असता तर तिथेही काहीतरी छापलेलं असतं.

आता हिशोब. ॲडेड शुगर १०० ग्रॅमला ३३ ग्रॅम, सर्व्हिंग २० ग्रॅम. ३३ ला २० ने गुणून १०० ने भागलं की ६.६ ग्रॅम. पडताळा त्याच ओळीत छापलेला आहे. ॲडेड शुगरसाठी दिवसाचा आकडा ५० ग्रॅम धरलेला असतो आणि त्याचे १३ टक्के म्हणजे ६.५ ग्रॅम. टक्के पूर्णांकात छापल्यामुळे दशांशाचा फरक राहिला, तेवढा राहणारच. दोन वाटांनी एकच उत्तर आलं, म्हणजे ३३ हा आकडाही नीट टाइप झाला आहे. ३३ च्या जागी चुकून २३ पडले असते तर ४.६ ग्रॅम, म्हणजे नऊ टक्के आले असते आणि १३ शी जुळले नसते. टाइप केलेल्या तक्त्यात मला ही ओळ सगळ्यांत आवडते, कारण ती आपली तपासणी स्वतःच करते.

टोटल शुगरला असा पडताळा नाही. ३८.५ चा पाचवा हिस्सा ७.७ ग्रॅम एवढंच काढता येतं. तरी दोन गोष्टी पाहायच्या. ॲडेड शुगर टोटलपेक्षा जास्त असू शकत नाही आणि टोटल शुगर कार्बोहायड्रेटपेक्षा जास्त असू शकत नाही. भिंग एक ओळ खाली सरकलं की या दोन साखरांचे आकडे हमखास उलटे पडतात, आणि ते इथेच पकडले जातात. शेवटी ऊर्जेचा ताळा: प्रोटीन आणि कार्बोहायड्रेट चारने, फॅट नऊने गुणायचं. ताईंच्या आकड्यांत २८, ३३८.४ आणि १८ मिळून ३८४.४ होतात, छापलेले आहेत ३८४. एखादा दशांश बिंदू सुटून ८४.६ चे ८४६ झाले असते तर हा ताळा लगेच कोसळला असता. मात्र फायबर भरपूर असलेल्या किंवा शुगर-फ्री पदार्थांत तो थोडा हलतो, कारण फायबर आणि साखरेचे पर्याय चारपेक्षा कमी कॅलरी देतात. तिथे जरासा फरक दिसला म्हणून टाइप करणाऱ्याला दोष देऊ नये.

तर ताई, एका सर्व्हिंगमध्ये वरून घातलेली साखर साडेसहा ग्रॅमच्या आसपास आहे, तेरा नाही. पण घरातली सर्व्हिंग २० ग्रॅमचीच आहे का? मी त्यांना किचनच्या काट्यावर नेहमीचे दोन चमचे, नेहमीसारखेच शिगोशीग भरून, वजन करायला सांगितलं. भरले २७ ग्रॅम. मग ३३ गुणिले २७ भागिले १००, म्हणजे ८.९ ग्रॅम. इथे टक्क्यांचा रकाना कामाचा नाही, कारण तो छापलेल्या २० ग्रॅमसाठी आहे. आपलं माप वेगळं असेल तर १०० ग्रॅमच्या रकान्यावरूनच निघायचं. दुधात वेगळी साखर घालत असाल तर ती या हिशोबात नाही, ती वर मिळवा.

काही बरण्यांवर दुधात मिसळल्यानंतरचा आणखी एक रकाना असतो. तिथे टोटल शुगर एकदम वाढलेली दिसते, कारण २०० मिलिलिटर दुधात दुधाची स्वतःची साखर नऊ-दहा ग्रॅम असतेच. ॲडेड शुगर मात्र तेवढीच राहते. हा रकाना टाइप केला तर वर “दुधासह” लिहा.

घरात कुणी जेवणाच्या हिशोबाने इन्सुलिन घेत असेल तर त्यांच्या कामाची ओळ साखरेची नव्हे, कार्बोहायड्रेटची. डोस वाढवायचा किंवा कमी करायचा तो मात्र डॉक्टरांशी बोलूनच.

तक्ता टाइप करून पाठवणाऱ्या सगळ्यांना विनंती: एका ओळीत एकच घटक घ्या, प्रत्येक आकड्याला ग्रॅम, मिलिग्रॅम किंवा टक्के यांपैकी जे छापलं असेल ते जोडा, आणि रिकाम्या घरात आडवी रेघ टाका. रेघ नसेल तर खालचा आकडा वरच्या ओळीत चढतो आणि १३ टोटल शुगरसमोर जाऊन बसतात. बरणीचं निव्वळ वजन आणि सर्व्हिंगची संख्याही लिहा. ताईंच्या बरणीवर ५०० ग्रॅम आणि २५ सर्व्हिंग होत्या, भागाकार २० आला. कुणी घाईत “सर्व्हिंग २५” एवढंच लिहिलं असतं तर ते पंचवीस ग्रॅम वाटले असते.

सरबताच्या बाटलीचं एक पत्रही शिल्लक आहे. तिथे तक्ता १०० ग्रॅमचा आणि सर्व्हिंग २५ मिलिलिटरची आहे. घट्ट पाकाचं एक मिलिलिटर सुमारे १.३ ग्रॅम भरतं, म्हणजे २५ मिलिलिटर पंचवीस ग्रॅम नसून बत्तीसच्या जवळ जातात, आणि साखरही त्याच प्रमाणात वाढवून धरायची. तिथे टाइप करताना “ग्रॅम” की “मिलि” हे तक्त्याच्या डोक्यावर आणि सर्व्हिंगपुढे, दोन्ही जागी लिहा.