स्वस्त तपासणी आणि किफायतशीर तपासणी

वाळूज एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीने महिला कामगारांसाठी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी ठेवायची ठरवली, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात स्वस्त टेस्ट कोणती? आरोग्य अर्थशास्त्राच्या असाइनमेंटमध्येही विद्यार्थी इथूनच सुरुवात करतात आणि इथेच फसतात. खरं उदाहरण मराठवाड्यातच आहे. 1999 पासून उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रियांवर एक चाचणी झाली. गावांचे 52 गट चार भागांत वाटले गेले. तीन भागांत प्रत्येकी एकदाच तपासणी झाली: एकात एचपीव्ही टेस्ट, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची व्हीआयए. चौथ्या भागात नेहमीचीच सेवा होती.

गैरसमज: एकूण खर्चाला एकूण फायद्याने भागलं की झालं

आठ वर्षांच्या पाठपुराव्यात या कॅन्सरने दगावलेल्या स्त्रिया दर 10,000 मागे साधारण अशा होत्या: नेहमीच्या सेवेत 20.3, पॅपमध्ये 16.8, व्हीआयएत 16.4 आणि एचपीव्हीत 10 पेक्षा किंचित कमी. म्हणजे पॅपने 3.5, व्हीआयएने 3.9 आणि एचपीव्हीने सुमारे 10.4 मृत्यू टाळले. त्याच कार्यक्रमाच्या 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या खर्चाच्या अभ्यासातले आकडे दर 10,000 स्त्रियांना लावले, तर व्हीआयएला सुमारे 39,200 डॉलर, पॅपला 66,100 आणि एचपीव्हीला 1,17,800 डॉलर लागतात. दोन अभ्यासांची ही सांगड माझी आहे, रीत दाखवण्यापुरती.

आता पर्याय खर्चाच्या चढत्या क्रमाने मांडायचे. पॅप व्हीआयएपेक्षा महाग, आणि मृत्यूही कमीच टाळते. असा पर्याय यादीतून सरळ बाद होतो, त्याचं गुणोत्तर काढायचंच नाही. उरलेल्यांत एचपीव्हीची तुलना लगतच्या पर्यायाशी, म्हणजे व्हीआयएशी करायची:

```
(1,17,800 − 39,200) ÷ (10.4 − 3.9) ≈ 12,100 डॉलर
```

व्हीआयएच्या पुढे जाऊन टाळलेल्या प्रत्येक मृत्यूमागे इतका जादा खर्च येतो. हेच वाढीव गुणोत्तर, आयसीईआर. सरसकट भागाकार केला असता, तर एचपीव्हीचा आकडा 11,300 आला असता. फरक किरकोळ वाटेल, पण तो भागाकार एचपीव्हीची तुलना ‘काहीच न करण्याशी’ करतो. समोर व्हीआयए उपलब्ध असताना तो प्रश्नच वेगळा ठरतो.

गैरसमज: क्वाली म्हणजे डॉक्टरांनी माणसाला दिलेले मार्क

क्वालीत आयुष्याची वर्षं आणि त्या वर्षांतली तब्येत यांचा गुणाकार असतो. पूर्ण आरोग्य 1, मृत्यू 0. मधले आकडे डॉक्टर देत नाहीत, सर्वसामान्य लोकांच्या पसंतीवरून काढतात. अमुक दुखण्यासह दहा वर्षं हवीत, की त्याऐवजी ठणठणीत सात चालतील? सातला माणूस अडला, तर त्या अवस्थेचं मूल्य 0.7. चालणं, स्वतःची कामं, रोजचे व्यवहार, वेदना आणि चिंता या पाच बाबींवरच्या भारतीय पसंतीचे आकडे 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सगळ्यात वाईट अवस्थेचं मूल्य उणे 0.923 आहे, म्हणजे मरणाहून वाईट. ऐकायला कठोर, पण उत्तर लोकांचंच.

आपल्या उदाहरणात धरून चालू की वाचलेली प्रत्येक स्त्री आणखी 20 वर्षं 0.85 दर्जाने जगते. साधा गुणाकार 17 क्वाली देतो. पण पुढची वर्षं आजच्या भावात आणायला भारतीय पद्धतीत वर्षाला 3 टक्के वटाव धरतात. त्याने 20 वर्षांची 14.9 होतात आणि क्वाली उरतात 12.6. म्हणून 12,100 भागिले 12.6, म्हणजे क्वालीमागे सुमारे 960 डॉलर. 20 ऐवजी 30 वर्षं धरलीत तर आकडा खाली येईल. गृहीतक लिहिलं नसेल, तर त्या 960 ला काडीची किंमत नाही.

गैरसमज: उंबरठ्याखाली आला की निकाल लागला

भारतात साधारणपणे दरडोई जीडीपीच्या एक पट हा उंबरठा धरतात. नेहमीची चूक म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या डॉलरमधला खर्च आजच्या जीडीपीशी ताडणं. मग काहीही किफायतशीर दिसतं. किमती आणि उत्पन्न एकाच वर्षाचं हवं.

दुसरी पाचर आकड्यांतच आहे. मृत्यूंतली घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या पक्की ठरली ती फक्त एचपीव्हीची. व्हीआयएचे ते 3.9 आणि पॅपचे 3.5 योगायोगाचेही असू शकतात. ते शून्य धरले, तर दोन्ही बाद होतात, एचपीव्हीची तुलना थेट नेहमीच्या सेवेशी येते आणि आयसीईआर 12,100 वरून 11,300 वर उतरतो. म्हणून व्हीआयए कुचकामी म्हणायचं का? मुंबईच्या वस्त्यांतल्या टाटा मेमोरियलच्या चाचणीत व्हीआयए दर दोन वर्षांनी चार वेळा केली गेली आणि मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तिथे खर्चही चार फेऱ्यांचा. तेव्हा असाइनमेंटच्या तक्त्यात नुसतं ‘व्हीआयए’ लिहू नका. ‘व्हीआयए, एकदा’ आणि ‘व्हीआयए, दर दोन वर्षांनी’ असे दोन वेगळे पर्याय मांडा आणि प्रत्येकाचा खर्च वेगळा काढा.