पान पिवळं पडलंय, पण नेमकं कुठलं?

ऑगस्टमधल्या एका रात्री डोंबिवलीच्या मावशीचा फोटो आला. टीव्हीशेजारच्या मनी प्लांटची पाच-सहा पानं पिवळी पडली होती. खाली लिहिलं होतं, "अगं, खत कमी पडलंय का गं? की पाणी?" घरात कुंड्या असणाऱ्या बहुतेकांना हा प्रश्न कधी ना कधी पडतो. फोटोवरून त्याचं उत्तर बऱ्यापैकी देता येतं. मात्र पान किती पिवळं आहे यावर नजर खिळली तर फसगत होते. झाडावर पिवळेपणा कुठे आहे, ते आधी पाहायचं.

आधी फोटोच तपासावा

मावशीचा फोटो पिवळसर दिव्याखाली काढलेला होता. त्या उजेडात मागची पांढरी भिंतसुद्धा पिवळी दिसत होती, मग पानाचं काय घेऊन बसलात! मोबाइल रंग आपल्या अंदाजाने जुळवून घेतो, त्यामुळे फोटोतला पिवळा आणि खरा पिवळा यांत बराच फरक पडू शकतो. म्हणून मी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी दिवे बंद करून, पानाच्या मागे पांढरा कागद धरून फोटो काढायला सांगितला. कागद पांढरा दिसला की पानाच्या रंगावर भरवसा ठेवता येतो.

मोबाइल आणखी एका बाबतीत फसवतो. अंधाऱ्या कोपऱ्यातला फोटो तो आपोआप उजळ करतो. त्यामुळे फोटो लख्ख आला म्हणून झाडाला भरपूर उजेड मिळतो असं समजू नये. फोटोत खिडकी दिसायला हवी, म्हणजे झाड तिच्यापासून किती लांब आहे ते कळतं.

मी मावशीकडे एकूण तीन फोटो मागितले: खिडकीसकट अख्खं झाड, पिवळ्या पानाच्या दोन्ही बाजू जवळून, आणि कुंडीतली माती व कुंडीचं बूड. तिसरा फोटो लोक हमखास विसरतात, आणि बरेचदा उत्तर नेमकं तिथेच असतं.

मनी प्लांटच्या बाबतीत एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी. रोप आणलं तेव्हाच पानांवर पिवळे पट्टे होते का? या वेलीचा जो प्रकार आपल्याकडे सर्रास दिसतो, त्याच्या पानांवर सोनेरी शिंतोडे जन्मजातच असतात. ते दुखणं समजून खत घालणारी माणसं मी पाहिली आहेत.

खालून पिवळं, की शेंड्याकडून?

झाड आपल्या जुन्या पानांतून काही द्रव्यं काढून घेऊन नव्या पानांना देऊ शकतं. नत्र आणि मॅग्नेशियम ही अशी फिरती द्रव्यं आहेत. ती कमी पडली की झाड आधी खालची जुनी पानं रिकामी करतं, म्हणून पिवळेपणा तळाकडून वर सरकतो. लोह मात्र एकदा पानात बसलं की सहसा हलत नाही. ते मिळेनासं झालं तर शेंड्याची कोवळी पानं फिकट पडतात. त्यांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळट होतो, एखादं जाळं पसरल्यासारखा. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी महिनोन् महिने घातलेल्या कुंड्यांत हे दिसू शकतं, कारण त्या पाण्यातल्या क्षारांमुळे माती अल्कधर्मी होते आणि लोह असूनही मुळांच्या हाती लागत नाही.

एकच खालचं पान पिवळं असेल, बाकी झाड टवटवीत असेल आणि शेंड्याला नवं पान येत असेल, तर ते म्हातारपण आहे. पान काढून टाकावं आणि विसरून जावं.

पाणी जास्त झाल्याच्या खुणा

मातीत पाणी साचून राहिलं की तिच्यातल्या हवेच्या जागा भरून जातात. मुळांना श्वास घ्यायला प्राणवायू मिळत नाही, ती मरू लागतात, आणि मेलेल्या मुळांवर बुरशीसारखे जीव वाढतात. मग भरल्या पाण्यात उभं असूनही झाडाला पाणी ओढता येत नाही. पानं मलूल होऊन लोंबतात. ते पाहून आपल्याला वाटतं तहान लागली आहे, आणि आपण आणखी एक तांब्या ओततो.

पाणी जास्त झालं आणि पाणी कमी पडलं, दोन्हीत झाड लोंबतं. दुरून काढलेल्या फोटोत हा फरक दिसत नाही, जवळच्या फोटोत दिसू शकतो. पाणी कमी पडलेलं पान कडेने करपतं, कुरकुरीत होतं, आत वळतं. पाणी जास्त झालेलं पान मऊ असतं, उकडलेल्या पालकासारखं. त्यावर तपकिरी-काळे, ओलसर डाग असतात आणि डागाभोवती पिवळी कड असते. खालची अनेक पानं साधारण एकाच वेळी पिवळी होतात. मुळं फार बिघडली असतील तर कोवळी पानंही सुटत नाहीत. देठ बुडाशी काळपट दिसला तर फार वेळ दवडू नये.

उजेड कमी पडल्याच्या खुणा

उजेडाची कमतरता हळूहळू दिसते. एका आठवड्यात सहा पानं पिवळी पडली तर केवळ अंधाराला दोष देऊ नका. पिवळ्या पानांपेक्षा इथे वेलीची बांधणी बघायची. दोन पेरांमधलं अंतर वाढलेलं, वेल लांब आणि बारीक, नवी पानं जुन्यांपेक्षा लहान, सोनेरी शिंतोडे कमी झालेले आणि सगळा वेल खिडकीकडे माना वळवून बसलेला, असं दिसलं तर उजेड अपुरा आहे. ज्या पानांपर्यंत उजेड पोचत नाही ती, म्हणजे खालची आणि आतली पानं, झाड एकेक करून सोडून देतं.

घरी खात्री करायची असेल तर दुपारी बाराच्या सुमारास झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवावा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरावा. सावलीची कड स्पष्ट दिसली तर उजेड चांगला आहे. धूसर पण हाताची म्हणून ओळखू येणारी सावली पडली तर मनी प्लांटचं भागतं. सावलीच पडली नाही तर जागा बदलावी.

आता अंधार आणि पाणी यांची मिळून होणारी गोची, जी मला सगळ्यांत जास्त वेळा सापडते. कमी उजेडात झाड अन्न कमी बनवतं, पाणीही कमी ओढतं, आणि मातीही सावकाश सुकते. खिडकीत दर तीन दिवसांनी घातलेलं जे पाणी नेमकं होतं, तेच कोपऱ्यात अति होतं. दिसणारी खूण जास्त पाण्याची असते, मूळ कारण मात्र उजेडाचं असतं.

मावशीच्या कुंडीचं काय झालं

सकाळचे तीन फोटो आले. पहिल्यात पेरांमधलं अंतर लांबलेलं आणि खिडकीवर जाड पडदा. दुसऱ्यात खालची पानं मऊ, दोन पानांवर काळपट डाग, शिरांसकट सगळं पान पिवळं. म्हणजे लोहाची भानगड नव्हती. पानाच्या मागे बारीक जाळं किंवा टाचणीने टोचल्यासारखे ठिपके नव्हते, म्हणजे लाल कोळीही नव्हता. तिसऱ्यात माती वरून कोरडी, अगदी भेगाळलेली. आणि कुंडी एका सुंदर चिनी मातीच्या भांड्यात ठेवलेली, ज्याला बुडाला भोकच नव्हतं.

मी फोन केला. "मावशी, आतली कुंडी उचल आणि बाहेरच्या भांड्यात बघ."

"अगं बाई, दोन बोटं पाणी आहे की! वासही येतोय."

वरून कोरडी माती दिसली म्हणून ती पाणी घालत होती. नर्सरीतून आलेल्या रोपाच्या मुळांभोवती बरेचदा लाल मातीचा घट्ट गोळा असतो आणि आपण त्याच्या बाहेर भुसभुशीत कोकोपीट भरतो. मधला गोळा ओला आणि वरचा थर सुका, असं सहज होतं. फोटोत फक्त वरचा थर दिसतो. म्हणून बोट किंवा अगरबत्तीची काडी दोन इंच आत घालून पाहायलाच हवं. काडीला ओलसर माती चिकटली तर पाणी नको.

पाऊस आत येतो म्हणून जूनपासून तिच्या खिडकीवर पडदा होता. पाण्याचा क्रम मात्र उन्हाळ्यातलाच चालू होता. एकाच महिन्यात उजेड घटला आणि हवेतला दमटपणा वाढला, मग माती सुकणार कशी?

तिने रोप बाहेर काढून मुळं दाखवली. निरोगी मुळं पांढरट आणि कडक असतात. कुजलेली तपकिरी, गिळगिळीत, आणि चिमटीत धरून ओढलं तर वरची साल निघून आत दोऱ्यासारखी तार उरते. तिच्या मुळांपैकी साधारण एक तृतीयांश अशी होती. ती कात्रीने कापायला लावली, लाल मातीचा गोळा हळूच फोडला, कोकोपीट आणि पर्लाइटचं हलकं मिश्रण भरलं आणि आधीपेक्षा किंचित लहान कुंडी वापरली, कारण मोठ्या कुंडीत जास्त ओल धरून राहते. रोप खिडकीपासून तीनेक फुटांवर आणलं. खत नाही. कुजलेल्या मुळांवर खत घातलं तर त्यांना आणखी जाचच होतो. सुरक्षितता म्हणून शेंड्याची दोन पेरांची एक फांदी कापून पाण्याच्या बाटलीत ठेवायला सांगितली. मूळ झाड गेलं तरी वेल वाचतो.

पिवळी पानं पुन्हा हिरवी झाली नाहीत. ती सहसा होत नसतात, हरितद्रव्य एकदा गेलं की ते पान झाडाने सोडलेलं असतं. तिला म्हटलं, जुन्या पानांकडे बघून रोज जीव जाळू नकोस, शेंड्याकडे बघ. महिन्याभरानं शेंडा उलगडला, पान लहान होतं पण ठणठणीत हिरवं.

गेल्या आठवड्यात पुन्हा तिचा फोटो आला. दिवसा काढलेला, मागे पांढरा कागद. तळाचं एकच पान पिवळं, देठ कडक, माती कोरडी, शेंड्याला नवा कोंब.

"हे काय आता?" तिने विचारलं.

"ते म्हातारं झालंय मावशी. काढून टाक."