गोदामात थांबलेला खर्च, पत्रकात दिसणारा नफा

जुलैचा शेवटचा दिवस. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत शेतीपंप बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे असं समजू. पाऊस लागला की शेतकरी पंप घ्यायला येत नाही, त्यामुळे महिना मंदीचाच गेलाय. तयार मालाच्या गोदामात स्टोअरकीपर बिन कार्ड हातात घेऊन रांगा मोजतोय आणि मोजणी 300 वर थांबते. महिन्याच्या सुरुवातीला हे गोदाम रिकामं होतं. दोन दिवसांनी नफातोटा पत्रक येतं आणि त्यात 60 हजार रुपये नफा दिसतो. विक्री 30 टक्क्यांनी पडूनही तोटा नाही, म्हणून मालक समाधानाने कागद बाजूला ठेवतात.

इथेच पहिला गैरसमज आहे. विक्री झाली की नफा, विक्री पडली की नफाही त्याच मापाने पडणार, असं बहुतेकांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. दुकानदारीत ते बरंचसं खरंही आहे. कारखान्यात मात्र महिन्याचा नफा दोन गोष्टींवर ठरतो: किती माल विकला आणि किती माल बनवला. दुसरी गोष्ट पत्रकात कुठेही ठळक दिसत नाही, म्हणून ती निसटते.

आकडे सोपे घेऊ. या कारखान्याची नेहमीची क्षमता महिन्याला 1,000 पंपांची. एका पंपाची विक्री किंमत 4,800 रुपये. कास्टिंग, तांब्याची तार, बेअरिंग, नगावर दिली जाणारी मजुरी, मशीनची वीज असा पंपामागे वाढणारा खर्च 3,000 रुपये. याशिवाय शेडचं भाडं, सुपरवायझरांचे पगार, मशीनचा घसारा, विमा, देखभाल हे कारखान्याचं स्थिर ओव्हरहेड महिन्याला 10 लाख. पंप एक बनो की हजार, हे 10 लाख लागतातच. ऑफिस आणि विक्री विभागाचा स्थिर खर्च आणखी 5 लाख.

नेहमीच्या महिन्यात 1,000 पंप बनतात आणि 1,000 विकले जातात. विक्री 48 लाख, सगळा खर्च मिळून 45 लाख, नफा 3 लाख. यात काही गूढ नाही.

जुलैत विकले गेले 700, पण बनवले गेले 1,000. ऑर्डर नसताना कामगार बसवून ठेवण्यापेक्षा लाइन चालू ठेवली, एवढंच. आता अॅब्सॉर्प्शन कॉस्टिंगची पद्धत अशी की कारखान्याचं ओव्हरहेड बनलेल्या प्रत्येक नगावर सारखं चढवायचं. 10 लाख भागिले 1,000, म्हणजे पंपामागे 1,000 रुपये. पंपाची पूर्ण किंमत झाली 4,000. विकलेल्या 700 पंपांवर प्रत्येकी 800 रुपये सुटले, ते 5 लाख 60 हजार. त्यातून ऑफिस-विक्रीचे 5 लाख वजा केले की उरले 60 हजार.

गोदामातल्या 300 पंपांचं काय? तेही 4,000 रुपये दराने ताळेबंदात गेले. त्या प्रत्येक पंपाच्या अंगावर हजार रुपयांचं भाडं, पगार, घसारा चिकटलेला आहे. म्हणजे जुलैच्या 10 लाखांपैकी 3 लाख नफातोटा पत्रकात आलेच नाहीत. ते मालमत्ता म्हणून गोदामात उभे राहिले. हेच 10 लाख सगळेच्या सगळे जुलैच्या खर्चात धरले, म्हणजे मार्जिनल कॉस्टिंगने हिशेब केला, तर 700 पंपांवर प्रत्येकी 1,800 प्रमाणे 12 लाख 60 हजार सुटतात आणि 15 लाख स्थिर खर्च वजा जाता 2 लाख 40 हजारांचा तोटा दिसतो. तोटा 2 लाख 40 हजार आणि नफा 60 हजार यांतलं अंतर बरोबर 3 लाख. साठ्यात वाढलेले 300 नग गुणिले नगामागचं स्थिर ओव्हरहेड 1,000. या एका गुणाकारात सगळं रहस्य आहे.

हे ऐकल्यावर पुष्कळांचा सूर लगेच बदलतो: म्हणजे अकाउंटंटने आकडे फिरवले तर! हा दुसरा गैरसमज, आणि तो अन्यायकारक आहे. भारतात साठ्याच्या मूल्यांकनाचं लेखामानक एएस 2 आणि मोठ्या कंपन्यांना लागू असलेलं इंड एएस 2 दोन्ही हेच सांगतात की तयार मालाच्या किमतीत उत्पादनाचं स्थिर ओव्हरहेड धरलंच पाहिजे. प्रसिद्ध होणाऱ्या हिशेबात साठा फक्त बदलत्या खर्चाने दाखवायची मुभा नाही. त्यामागचा विचारही समजण्यासारखा आहे. शेडशिवाय, मशीनशिवाय पंप बनत नाही, तेव्हा त्यांचा खर्च पंपाचाच खर्च आहे. आणि पंप विकला जाईल त्या महिन्यात, त्याच्या विक्रीसमोर तो मांडला जावा.

पण नियम म्हणजे मोकाट सूट नाही. ऑफिसचा पगार, जाहिरात, विक्रीचं कमिशन, तयार माल ठेवण्याचं नेहमीचं गोदामभाडं साठ्यात घालता येत नाही. म्हणूनच वरच्या उदाहरणात ते 5 लाख पूर्णपणे जुलैवर पडले. याहून महत्त्वाचा लगाम सामान्य क्षमतेचा. ओव्हरहेडचा दर कारखान्याच्या नेहमीच्या उत्पादनावर ठरवायचा, त्या महिन्याच्या पडलेल्या उत्पादनावर नाही. जुलैत 700 पंपच बनवले असते, तर ‘10 लाख भागिले 700’ करून पंप महाग दाखवता आला नसता. दर 1,000 रुपयेच राहिला असता, 7 लाख पंपांवर चढले असते आणि उरलेले 3 लाख थेट जुलैच्या खर्चात गेले असते. तोटा दिसला असता 2 लाख 40 हजार, मार्जिनल पद्धतीइतकाच. साठा बदलला नाही की दोन्ही पद्धतींतलं अंतर मिटतं.

या लगामावर विसंबून ‘मानक आहे, लेखापरीक्षक आहेत, मग फुगवटा शक्यच नाही’ असं मानणं हा तिसरा गैरसमज. मंदीत उत्पादन कमी झालं तर मानक पकडतं; मंदीत उत्पादन वाढवलं तर ते अडवत नाही. समजा जुलैत जोर लावून 1,250 पंप बनवले. असामान्य जास्त उत्पादन असेल तर नगामागचा दर खाली आणायला मानक सांगतं, म्हणून दर होतो 800. पंपाची किंमत 3,800, विकलेल्या 700 वर सुटतात 7 लाख, ऑफिसचे 5 लाख वजा जाता नफा 2 लाख. ओव्हरटाइमचा जादा दर इथे सोपेपणासाठी धरलेला नाही. एकही जास्त पंप विकला गेलेला नाही, बाजारभाव बदललेला नाही, नियमाची एक ओळ मोडलेली नाही. तरी 60 हजारांचे 2 लाख झाले, कारण आता 550 पंपांच्या साठ्यात 4 लाख 40 हजारांचं ओव्हरहेड जाऊन बसलं.

साठा खर्चाच्या किंवा विकून हाती येऊ शकणाऱ्या निव्वळ रकमेच्या, यांपैकी जे कमी त्या दराने दाखवायचा, हाही नियम इथे मदतीला येत नाही. 4,800 ला विकला जाणारा पंप 3,800 ने दाखवला आहे. विक्रीचा खर्च वजा करूनही जागा उरते. तो नियम चावतो तो पुढे, माल पडून राहिल्यावर सूट देऊन विकायची वेळ येते तेव्हा.

आणि ती वेळ येते. डेट्रॉइटच्या तीन मोठ्या मोटार कंपन्यांचा ब्र्यूगेन, कृष्णन आणि सेडाटोल या संशोधकांनी अभ्यास केला होता. क्षमता जास्त आणि मागणी कमी असताना जादा गाड्या बनवल्या गेल्या आणि मग त्या खपवायला सवलती आणि जाहिराती वाढवाव्या लागल्या, असं त्यांना दिसलं. मॅनेजरचा बोनस महिन्याच्या किंवा वर्षाच्या नफ्याला बांधलेला असेल, तर लाइन चालू ठेवण्याचा मोह कुठून येतो हे वेगळं सांगायला नको.

साठ्यात गेलेला खर्च बुडत नाही, तो फक्त थांबतो. शिरोलीच्या कारखान्यात 1,000 पंप बनवलेल्या जुलैनंतरचा ऑगस्ट घेऊ. उघडीप मिळाली आणि 1,000 पंप विकले गेले. 300 गोदामातून, 700 नवे बनवून. विक्री पुन्हा 48 लाख. विकलेल्या पंपांवर 8 लाख सुटले, पण 700 च बनवल्यामुळे न चढलेलं 3 लाखांचं ओव्हरहेड थेट खर्चात, वर ऑफिसचे 5 लाख. नफा शून्य! 700 विकले तेव्हा 60 हजार नफा आणि 1,000 विकले तेव्हा काहीच नाही. विक्री विभागाला हे कुणी कसं समजावणार? दोन महिन्यांची बेरीज मात्र दोन्ही पद्धतींत 60 हजारच येते. खोटं काही नाही, महिना बदलला आहे.

नेमक्या याच प्रश्नाने अमेरिकेत जोनाथन हॅरिस यांना 1936 मध्ये लिहितं केलं. ते एका रसायन कंपनीचे कंट्रोलर होते. ‘गेल्या महिन्यात आपण काय कमावलं?’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा त्यांचा लेख कॉस्ट अकाउंटंटांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पत्रिकेत आला. त्यातला पेच असाच होता: विक्री वाढली, नफा घटला. स्थिर खर्च त्या-त्या महिन्यातच खर्ची टाकावा हा त्यांचा आग्रह पुढे डायरेक्ट कॉस्टिंग म्हणून ओळखला गेला. कंपनीच्या आतल्या मासिक हिशेबासाठी आजही तोच सर्वांत प्रामाणिक आरसा आहे. बाहेरच्या ताळेबंदाची जागा तो घेऊ शकत नाही, पण 60 हजारांच्या नफ्याशेजारी 2 लाख 40 हजारांचा तोटा लिहिलेला असता, तर त्या मालकांनी कागद बाजूला ठेवला नसता.

बाहेरून पाहणाऱ्यालाही हे कळू शकतं. कंपन्यांच्या नफातोटा पत्रकात, तिमाही निकालांतही, तयार माल आणि अर्धवट माल यांच्या साठ्यातला बदल दाखवणारी एक स्वतंत्र ओळ असते. ती खर्चांच्या यादीत येते आणि साठा वाढला की आकडा कंसात, म्हणजे वजा दिसतो. विक्री घसरलेली, नफा टिकलेला आणि त्या ओळीत मोठा कंस, ही तिन्ही एकत्र आली की गोदामाची चौकशी करावी. सणापूर्वीचा किंवा हंगामापूर्वीचा साठा वेगळा. साखर कारखाना काही महिने गाळप करतो आणि वर्षभर साखर विकतो, तिथे मार्चअखेरचा ढीग हा धंद्याचा स्वभाव आहे. म्हणून तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करायची, मागच्या महिन्याशी नाही.

दुसरी खूण बँकेत. सगळा व्यवहार रोखीचा धरला तर जुलैत कारखान्याकडे आले 33 लाख 60 हजार. घसारा हा रोखीचा खर्च नाही; तो बाजूला ठेवण्याइतका किरकोळ धरला, तर गेले जवळपास 45 लाख. नफा 60 हजार, आणि कॅश क्रेडिट खात्यातून साधारण 11 लाख 40 हजार जास्त उचललेले. वरून स्टॉक स्टेटमेंटमध्ये साठा वाढलेला दिसल्याने ड्रॉइंग पॉवरही वाढते, त्यामुळे उचल करताना कुणी अडवत नाही. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू होतं, आणि ते पंपाच्या किमतीत चढवता येत नाही.

स्टोअरकीपरच्या बिन कार्डावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. तिथे फक्त सुरुवातीची शिल्लक शून्य, आवक 1,000, जावक 700, शिल्लक 300. महिनाअखेरच्या बैठकीत ते कार्ड नफातोटा पत्रकाशेजारी ठेवलं आणि 300 ला 1,000 ने गुणलं, तर 3 लाख कुठे थांबलेत ते अर्ध्या मिनिटात कळतं.